फ्लॅट दाखवणाऱ्या व्हिडिओचं निवेदन कसं लिहावं: खोल्यांच्या यादीऐवजी घरातला दिवस

फ्लॅटच्या व्हिडिओसाठी लोक मला निवेदनाचा पहिला मसुदा पाठवतात, तेव्हा तो बहुतेक असा असतो:

"नमस्कार मंडळी, आज आपण पाहणार आहोत एक सुंदर फ्लॅट. आत आल्यावर आपल्याला पाहायला मिळतो हा प्रशस्त असा हॉल. हॉलला लागूनच आहे बाल्कनी. उजव्या हाताला आपल्याला दिसतंय किचन. इकडे आहे कॉमन बाथरूम, आणि ही मास्टर बेडरूम…"

यात चुकीचं काही नाही. अडचण अशी, की ही सगळी माहिती पडद्यावर आधीच दिसते आहे. हॉल दिसतो तेव्हा "हा हॉल" असं सांगून बघणाऱ्याला नवीन काहीच मिळत नाही. त्याला दिसत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या असतात: बाहेरून आल्यावर हातातलं सामान कुठे ठेवायचं, ओट्यापाशी दोघांना उभं राहता येतं का, सकाळी बाथरूमवरून ओढाताण होते का, रात्री खिडकीतून काय ऐकू येतं. कॅमेरा खोली दाखवतो. वेळ, आवाज आणि माणसांची ये-जा त्याला दाखवता येत नाही. निवेदनाचं काम तिथे आहे.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. बहुतेक चुका क्रम उलटा केल्यामुळे होतात. आधी निवेदन लिहितात, मग शूटिंग करतात, आणि घरात निवांत बसून ते अनुभवायचं राहूनच जातं. उदाहरण म्हणून मी चौथ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या एका फ्लॅटचा अडीच मिनिटांचा व्हिडिओ घेतला आहे. तोच शेवटपर्यंत वापरू.

## १. लिहायच्या आधी घरात दोनदा जा

दोन भेटी, दोन वेगळ्या वेळी. एक सकाळी लवकर, लोक कामावर निघतात तेव्हा. दुसरी संध्याकाळी, लोक परत येतात तेव्हा. दुपारी अकरा-बाराची भेट सोयीची असते, पण त्या वेळी कुठलीही इमारत शांतच वाटते.

हे मी चूक करून शिकले. एका फ्लॅटच्या निवेदनात मी "मागची बेडरूम अगदी शांत आहे" असं लिहिलं होतं, कारण मी तिथे सकाळी अकराला गेले होते. खिडकीखाली पाण्याचा पंप होता आणि तो रोज पहाटे चालायचा. ज्यांनी व्हिडिओ पाहून घर बघायला यायचं ठरवलं, त्यांना ते पहिल्याच प्रश्नात कळलं, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्यांचा विश्वास बसेना. तेव्हापासून पहाटेचा आवाज स्वतः ऐकल्याशिवाय "शांत" हा शब्द मी लिहीत नाही.

प्रत्येक भेटीत निदान अर्धा तास घरात बसा. एका जागी नाही, प्रत्येक खोलीत पाच-पाच मिनिटं. खिडकी उघडी ठेवून ऐका, मग लावून ऐका. आणि रोजची कामं खरंच करून बघा. हातात दोन भरलेल्या पिशव्या घेऊन कुलूप उघडा. ओट्यापाशी उभे राहा आणि सोबतच्या माणसाला मागून जायला सांगा. पलंग असेल तर त्यावर आडवे होऊन दिव्याच्या बटणाकडे हात न्या. फ्रिज असेल तर त्याचं दार पूर्ण उघडा आणि आजूबाजूचं काय अडतं ते बघा. हे करताना थोडं विचित्र वाटतं, पण निवेदनातली सगळी चांगली वाक्यं या अर्ध्या तासातच सापडतात.

वहीत लिहिताना विशेषण लिहू नका, घडलेलं लिहा. "किचन मोठं" असं नको. "ओटा आणि समोरची भिंत यांत ११० सेंटिमीटर, मी भांडी धुताना सोबतचा माणूस मागून गेला, धक्का लागला नाही" असं हवं. टेप जवळ ठेवा. बाल्कनीत ऊन किती वाजेपर्यंत होतं आणि महिना कोणता, दोन्ही लिहा. सूर्याचा मार्ग ऋतूप्रमाणे सरकतो, त्यामुळे हिवाळ्यात पाहिलेलं ऊन वर्षभराचं म्हणून सांगता येत नाही.

तपासा: वहीत निदान दहा नोंदी आहेत का, ज्या फोटो बघून कुणालाही लिहिता आल्या नसत्या? नसतील तर अजून एकदा जा.

## २. नोंदींतून क्षण निवडा

आता वहीतल्या नोंदी घेऊन प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: हे दिवसाच्या कोणत्या वेळी, कुणाच्या कामाला येतं? उत्तर मिळालं तर तो क्षण झाला. नाही मिळालं तर ती नुसती माहिती. ती पडद्यावरच्या मजकुरात किंवा व्हिडिओखालच्या वर्णनात जाईल.

क्षणाला तीन गोष्टी लागतात: वेळ, कृती, आणि घरातली एखादी ठोस वस्तू किंवा जागा. "बेसिन बाथरूमच्या बाहेर आहे" ही माहिती. "सकाळी एकाची आंघोळ चालू असताना दुसऱ्याचे दात घासून होतात" हा क्षण. बेसिन तेच, पण दुसऱ्या वाक्यात ऐकणाऱ्याला आपल्या घरातली सकाळ आठवते.

आपल्या फ्लॅटमध्ये असे सात क्षण निघाले. दाराशेजारी फळी आणि तिच्यावर प्लग. गॅसपाशी उभं राहिलं की हॉल दिसतो, ऐकूही येतो. वॉशिंग मशीन आणि कपड्यांची दोरी एकाच मागच्या गॅलरीत. लहान बेडरूम रस्त्याच्या बाजूला, पण खिडकी लावली की फोनवर बोलता येतं. मोठ्या बेडरूममध्ये दिव्याचं बटण पलंगापाशी, आणि पहाटे पंपाचा आवाज. बाहेरचं बेसिन. बाल्कनीतलं सकाळचं ऊन.

अडीच मिनिटांत सात क्षण बसतात, दहा नाहीत. जास्त असतील तर जे दुसऱ्या कुठल्याही फ्लॅटबद्दल तसेच्या तसे म्हणता येतील ते आधी गाळा. "बाल्कनीत बसून निवांत वेळ घालवा" हे कुठेही चालतं, म्हणून ते इथे नको.

दोन गोष्टी जपा. पहिली, घर कुणासाठी आहे हे तुम्ही ठरवू नका. "नवविवाहित जोडप्यासाठी उत्तम", "छोट्या कुटुंबासाठी" असं म्हटलं की बाकीच्यांना दार लावल्यासारखं होतं, आणि काही ठिकाणी ते कायद्यातही अडकतं. घर काय करू देतं एवढं सांगा, त्यात कोण राहील ते ऐकणारा बघेल. दुसरी, सध्या तिथे कुणी राहत असेल तर त्यांची दिनचर्या कधीही सांगू नका. "सकाळी नऊला सगळे बाहेर पडतात, मग घर रिकामं" हे वाक्य सहज निघून जातं, पण घर कधी रिकामं असतं ते तुम्ही अनोळखी माणसांना सांगितलेलं असतं. तुम्ही सांगताय ती त्या घरातली कल्पनेतली सकाळ, राहणाऱ्यांची खरी नव्हे.

## ३. चालायची वाट आणि दिवसाचा क्रम जुळवा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "दिवस सांगायचा" म्हटलं की लोक सकाळपासून सुरुवात करतात: बेडरूममध्ये जाग, मग बाथरूम, मग किचन. पण कॅमेरा घरात दारातून येतो. निवेदन बेडरूममध्ये आणि चित्र दारात, असं झालं की ते जुळवायला कॅमेऱ्याला घरात इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात. मग कोणती खोली कुठे आहे, हेच बघणाऱ्याला कळेनासं होतं. घराचा नकाशा डोक्यात बसणं ही व्हिडिओची पहिली गरज आहे; ती मोडून दिवस सांगण्यात अर्थ नाही.

उपाय सोपा आहे. दिवस संध्याकाळी सुरू करा. माणूस बाहेरून घरी येतो, तसाच कॅमेराही येतो. संध्याकाळ दारापासून स्वयंपाकापर्यंत, रात्र आतल्या खोल्यांत, मग पुन्हा बाहेर येताना सकाळ, आणि शेवटी दारातून निघणं. बऱ्याच फ्लॅटमध्ये दार, हॉल आणि किचन पुढे असतात आणि झोपायच्या खोल्या मागे, म्हणून ही फेरी आपोआप जुळते.

आपल्या फ्लॅटमध्ये वाट अशी ठरली: दार, उजवीकडे किचन, मागची गॅलरी, परत हॉलमधून आतला पॅसेज, लहान बेडरूम, टोकाला मोठी बेडरूम, परत येताना पॅसेजमधलं बेसिन, मग हॉलमधून बाल्कनी, आणि दार. एकही उडी नाही. तुमच्या फ्लॅटची रचना वेगळी असेल आणि एखादा क्षण वाटेत बसत नसेल, तर क्षण सोडा, वाट मोडू नका.

एक अडचण राहते. शूटिंग सकाळच्या उजेडात झालंय आणि निवेदन संध्याकाळचं. यावर मराठीतच सोय आहे. "आता संध्याकाळ झाली आहे" असं म्हटलं की चित्र खोटं पडतं. "संध्याकाळी कुलूप उघडलं की…" असं म्हटलं की ते रोजचं होतं, आणि रोजच्या गोष्टीला चित्रातला उजेड कुठलाही चालतो. शक्य असेल तर किचन आणि लहान बेडरूम दिवे लागल्यावर शूट करा. नाही जमलं तरी वाक्यरचना सांभाळून घेते.

## ४. आधी शूटिंग, मग सेकंद मोजा

वाट ठरली की शूटिंग करा. प्रत्येक जागी कॅमेरा पुढे सरकण्याआधी चार-पाच सेकंद स्थिर ठेवा, कारण वाक्य तिथेच बसणार आहे. आणि प्रत्येक खोलीत निदान अर्धा मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवा, कुणीही न बोलता. कुलपाचा खटका, नळाचं पाणी, बाल्कनीचं सरकणारं दार हे वेगळे घ्या. पुढे ते फार कामाला येतील.

मग शॉट क्रमाने लावा आणि प्रत्येकाचे सेकंद कागदावर लिहा. आपल्या व्हिडिओत ते असे निघाले: दार १८, किचन २८, मागची गॅलरी १२, लहान बेडरूम २२, मोठी बेडरूम २४, बेसिन १६, बाल्कनी २२, निघणं ८. एकूण १५० सेकंद.

शब्दांचा हिशेब मी असा ठेवते. सावकाश, समजावून मराठी बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. पण पूर्ण वेळ बोलायचं नाही. निम्मा वेळ चित्राला आणि घरातल्या आवाजाला द्यायचा. म्हणजे शॉट जितक्या सेकंदांचा, तितकेच शब्द. १८ सेकंदांच्या दाराला १८ ते २०, १२ सेकंदांच्या गॅलरीला १२. एखाद्या ठिकाणी चार-पाच शब्द पुढेमागे झाले तर चालतं, दुप्पट चालत नाहीत. हा नियम कडक वाटतो, पण गर्दी होण्यापासून तोच वाचवतो.

## ५. आता लिहा

उदाहरणाचं पूर्ण निवेदन खाली आहे. शब्द मोजलेत: १४४.

दार, १८ सेकंद. "चौथा मजला. दोन बेडरूमचं घर. संध्याकाळी कुलूप उघडलं की पहिला प्रश्न असतो हातातल्या पिशव्यांचा. इथे दाराशेजारीच फळी आहे, आणि तिच्यावर प्लग."

किचन, २८ सेकंद. "गॅसपाशी उभं राहिलं की तोंड हॉलकडे असतं, तिथूनच बोललेलं सोफ्यावर ऐकू येतं. ओट्यापुढे दोघं एकमेकांना न धडकता काम करतात. फ्रिजचं दार उघडं असताना मात्र मागच्या गॅलरीचं दार अडतं."

मागची गॅलरी, १२ सेकंद. "मशीनमधून काढलेले ओले कपडे दोन पावलांवर वाळत पडतात. हॉलभर पाणी सांडत नाही."

लहान बेडरूम, २२ सेकंद. "रात्री हॉलमध्ये टीव्ही चालू, आणि कुणाला काम संपवायचंय. ही खोली रस्त्याच्या बाजूला आहे. खिडकी उघडी ठेवली तर गाड्या ऐकू येतात, लावली तर फोनवर नीट बोलता येतं."

मोठी बेडरूम, २४ सेकंद. "झोपायची खोली सगळ्यात मागे. दिवा बंद करायला पलंगावरून उठावं लागत नाही. पहाटे सहाला खाली पाण्याचा पंप वीस मिनिटं चालतो. खिडकी बंद असेल तर हलकी घरघर येते."

बेसिन, १६ सेकंद. "बाथरूम एकच आहे, पण बेसिन बाहेर. सकाळी एकाची आंघोळ चालू असताना दुसऱ्याचे दात घासून होतात."

बाल्कनी, २२ सेकंद. "निघायच्या आधीची दहा मिनिटं इथे. दोन खुर्च्या मावतात. हिवाळ्यात ऊन साडेदहापर्यंत असतं, मग इमारतीची सावली येते."

निघणं, ८ सेकंद. शब्द नाहीत. दार ओढल्याचा आणि कुलपाचा आवाज.

यातल्या काही निवडींची कारणं सांगते, कारण तुमच्या फ्लॅटला वाक्यं वेगळी लागतील, कारणं हीच राहतील.

मजला आणि बेडरूमची संख्या पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाकली आहे. ऐकणाऱ्याला तेवढी पकड लागते, त्यानंतर ती माहिती पुन्हा येत नाही. क्षेत्रफळ, किंमत, फरशीचा प्रकार हे सगळं पडद्यावरच्या मजकुरात. आकडा कानाने लक्षात राहत नाही. डोळ्याने राहतो आणि व्हिडिओ थांबवून परत वाचताही येतो.

"तुम्ही" हा शब्द कुठेही नाही. "तुम्ही इथे बसू शकता, तुम्ही इथे टेबल ठेवू शकता" अशी वाक्यं एकामागून एक आली की सूचना दिल्यासारखी वाटतात, आणि "शकता"चा मारा कानाला बोचतो. "उघडलं की", "ठेवली तर", "असताना" अशी रचना वापरली की कर्ता न सांगता काम घडतं, आणि ऐकणारा स्वतःला तिथे ठेवतो. मराठी माणूस घराबद्दल बोलताना असंच बोलतो: "दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही." ही बोलण्याची सवय लिहिताना का सुटते कोण जाणे.

तसंच "पाहायला मिळतो", "आपल्याला दिसतंय", "हे बघा" हे पूर्णपणे काढा. "प्रशस्त", "आलिशान", "भरपूर उजेड असलेला" हेही. विशेषण लिहावंसं वाटलं की वहीकडे जा आणि ते कशावरून वाटलं ती नोंद शोधा. किचन प्रशस्त वाटलं ते ११० सेंटिमीटरमुळे. निवेदनात तो आकडाही नाही आणि विशेषणही नाही, तर दोघं न धडकता काम करतात हे आहे.

आणि उणिवा. फ्रिजचं दार, रस्त्याचा आवाज, पंप, साडेदहानंतरची सावली, अशा चार गोष्टी मी मुद्दाम ठेवल्या आहेत. रोजच्या जगण्याबद्दल बोलायचं ठरवलं की त्या टाळता येत नाहीत. सगळंच छान असलेली सकाळ कुणाच्याच घरात होत नाही. उणीव सांगायची पद्धत मात्र नेमकी हवी: कधी, किती वेळ, आणि काय केलं की कमी होतं. "थोडा आवाज येतो" यातून काहीच कळत नाही, उलट शंका वाढते. "पहाटे सहाला वीस मिनिटं" यावरून ज्याला सकाळी साडेपाचला उठायची सवय आहे त्याला आपलं उत्तर लगेच मिळतं.

घरमालकाला निवेदन आधीच वाचून दाखवा. पंपाचं वाक्य त्यांना नको असेल तर तो त्यांचा हक्क आहे, पण मग झोपेबद्दल किंवा शांततेबद्दल एकही शब्द त्या शॉटमध्ये ठेवू नका. उणीव गाळणं एक, तिच्या उलट सांगणं दुसरं. दुसरं करू नका.

तपासा: प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारा, आवाज बंद असता तरी हे चित्रातून कळलं असतं का? "हो" आलं तर वाक्य खोडा. पहिल्या मसुद्यात माझी निम्मी वाक्यं अजूनही इथेच जातात.

## ६. मोठ्याने वाचा

मनात वाचलेलं आणि तोंडाने वाचलेलं यांत फरक पडतो. उभे राहून, चित्र समोर चालू ठेवून वाचा. जिथे श्वास कमी पडतो तिथे वाक्य मोडा. जिथे जीभ अडखळते तिथे शब्द बदला. जोडाक्षरं लागोपाठ आली की हे होतं.

कागदावर आकडे अक्षरांत लिहा. "१०.३०" समोर आलं की काही जण "दहा तीस" वाचतात, "साडेदहा" लिहिलं तर साडेदहाच वाचलं जातं. बोलीतली रूपं सगळीकडे सारखी ठेवा. "राहिलं की" एका ठिकाणी आणि "राहिल्यावर आपणांस" दुसऱ्या ठिकाणी, असं झालं तर दोन वेगळी माणसं बोलताहेत असं वाटतं.

## ७. रेकॉर्डिंग

रिकाम्या फ्लॅटमध्ये रेकॉर्ड करू नका. उघड्या भिंतींवरून आवाज उलटतो, घुमतो, आणि ते घुमणं नंतर नीट काढता येत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, किंवा जाड पडदा आणि गादी असलेली खोली घ्या. पंखा, एसी बंद. फोन विमान मोडवर.

वेगळा माइक नसेल तर फोनचाही चालतो. तोंडापासून एक वीत, आणि अगदी समोर न धरता थोडा बाजूला. प, फ, ब, भ म्हणताना हवेचा झोत सरळ माइकवर आला की धप्प असा आवाज येतो. "फ्रिज", "फळी", "पंप", "पहाटे" हे शब्द आधी वाचून ऐकून बघा. रेकॉर्डिंगची पातळी दाखवणारं अॅप असेल तर सगळ्यात मोठा आवाजही तांबड्या भागात जाऊ देऊ नका.

एका दमात सगळं वाचू नका. प्रत्येक शॉटचा मजकूर वेगळा, तीन-तीन वेळा, आणि प्रत्येकाची वेगळी फाइल. बहुतेक वेळा दुसरं वाचन चांगलं निघतं: पहिल्यात आवाज बसलेला नसतो, तिसऱ्यात घाई येते. सुरुवातीला त्याच खोलीतली वीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. दोन वाक्यांमधल्या फटीत ती भरली की आवाज तुटल्यासारखा वाटत नाही.

जाहिरातीचा सूर आला की लगेच कळतं: वाक्याच्या शेवटी आवाज वर जातो. तसं झालं तर समोर ओळखीचं कुणीतरी बसवा आणि त्यांना सांगत आहात असं वाचा.

## ८. चित्राला जोडणं

शॉट बदलला की लगेच बोलायला लागू नका. दीड-दोन सेकंद जागा नुसती दिसू द्या, मग वाक्य. बघणारा आधी डोळ्यांनी खोली ओळखतो. त्याच क्षणी बोललं तर त्याचं अर्धं लक्ष शब्दांकडे नसतं. अपवाद बेसिनचा: तिथे "बाथरूम एकच आहे" हे वाक्य मोठ्या बेडरूममधून बाहेर पडतानाच सुरू केलं तर रात्र संपून सकाळ झाल्याचं आपोआप जाणवतं.

वाक्यांमधल्या मोकळ्या जागेत घराचे आवाज ठेवा. दारात कुलूप, किचनमध्ये नळ, लहान बेडरूममध्ये आधी उघड्या खिडकीतून येणाऱ्या गाड्या आणि मग खिडकी लागल्यावरचा बदल. हा बदल ऐकवला की ते वाक्य सिद्ध झालं. पण तो खराच असावा. एडिटिंगमध्ये गाड्यांचा आवाज आणखी दाबला तर बघायला आलेल्या माणसाला फसवल्यासारखं होईल. संगीत लावायचंच असेल तर इतकं हळू, की बंद केल्यावरच ते होतं हे कळावं. मी बहुतेक वेळा लावत नाही.

सबटायटल द्या. बरेच जण फोनवर आवाज बंद ठेवून बघतात, आणि या निवेदनाची सगळी किंमत शब्दांतच आहे.

शेवटच्या दोन तपासण्या. आवाज बंद करून अशा माणसाला दाखवा ज्याने घर पाहिलेलं नाही, आणि त्याला कागदावर घराचा नकाशा काढायला सांगा. किचन भलतीकडे काढलं तर वाटेत उडी राहिली आहे. मग दुसऱ्या कुणाला डोळे मिटून नुसता आवाज ऐकवा आणि विचारा, या घरात सकाळ कशी जाईल? बेसिन आणि ऊन त्याच्या उत्तरात आलं तर निवेदन जमलं. "दोन बेडरूम, एक बाथरूम" एवढंच आलं, तर पाचव्या टप्प्यावर परत जा.

मोजमापांची वही आणि प्रत्येक शॉटची वेगळी ध्वनिफाइल जपून ठेवा. पंपाची वेळ बदलली, समोर बांधकाम सुरू झालं किंवा उन्हाळ्यात ऊन वेगळ्या वेळेला आलं, तर सगळं पुन्हा करावं लागत नाही. तेवढं एक वाक्य, त्याच कपाटासमोर, त्याच अंतरावरून पुन्हा वाचायचं आणि जुन्याच्या जागी बसवायचं.